वाळलेले चिपाड : एका अहवालाचे इंग्रजी भाषांतर

पश्चिम महाराष्ट्रातील गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चुलवाण म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. जमिनीत खोदलेली मोठी भट्टी, तिच्यावर बसविलेली सपाट तळाची विशाल काहील, काहिलीत उकळणारा उसाचा रस, आणि खाली भट्टीच्या तोंडाशी बसून सारखे जळण सारीत राहणारा एक माणूस. हे जळण विकत आणलेले नसते. घाण्यात ऊस पिळून रस निघाला म्हणजे जो चोथा उरतो, ते चिपाड; ते आवारात पसरून उन्हात वाळवितात आणि त्याच उसाचा रस त्याच्यावर आटवितात. रस सुमारे ११८ अंशांपर्यंत तापला आणि गुळव्याच्या अनुभवी डोळ्याला त्याचा पाक पटला, म्हणजे काहील उतरविली जाते.

यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांनी अशाच एका चुलवाणावर प्रकल्प केला, त्याचा अहवाल मराठीत लिहिला, आणि पुढे त्यातील सारांश व निष्कर्ष एका परिषदेसाठी इंग्रजीत उतरविण्याची वेळ त्यांच्यावर आली, असा प्रसंग येथे कल्पिला आहे. त्यातील माणसे आणि आकडे केवळ नमुन्यासाठी घेतलेले आहेत. परंतु भाषांतर करताना त्यांना ज्या अडचणी आल्या त्या कल्पित नव्हेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली. तेव्हा मराठीत लिहिलेला अहवाल आणि इंग्रजीत भरणारी परिषद यांची गाठ पडणे ही आता अगदीच नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

विद्यार्थ्यांनी केलेले काम मोजके आणि नेटके होते. काहिलीच्या तळाला बाहेरच्या अंगाने, म्हणजे ज्वाळांच्या बाजूला, त्यांनी पोलादाच्या समांतर पट्ट्या उभ्या जोडल्या. तळाचे ज्वाळांना लागणारे क्षेत्र वाढावे, अधिक उष्णता रसात जावी आणि धुराबरोबर कमी जावी, एवढाच त्यातील हेतू. पट्ट्या जोडण्यापूर्वी जानेवारीत तीन वेळा आणि जोडल्यानंतर मार्चमध्ये तीन वेळा त्यांनी प्रत्येकी ४०० किलो रस आटविला, त्यापासून सुमारे ८० किलो गूळ निघाला, आणि दरवेळी किती चिपाड जळले ते वजन करून लिहून ठेवले. पूर्वी सरासरी २०० किलो लागत असे, ते १६० किलोंवर आले. एक किलो गुळामागे अडीच किलो चिपाड लागे, तेथे दोन किलो पुरले. गुऱ्हाळाच्या मालकाला ही भाषा लागलीच समजते; उरलेले चिपाड तो विकू शकतो.

चौघांपैकी एकीची मावशी शाळेत इंग्रजी शिकवीत असे. भाचीने अहवाल तिच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “मावशी, दोनच पाने आहेत. सारांश अडीचशे शब्दांच्या आत बसवायचा आहे. व्याकरण तेवढे पाहा.” मावशीने दोन दिवसांत भाषांतर करून दिले. ते इंग्रजी निर्दोष होते. तरीही ते परिषदेकडे पाठविता आले नाही.

पहिली अडचण जागेची होती. मराठी सारांशाचा आरंभ भारत हा कृषिप्रधान देश आहे या वाक्याने झाला होता. पुढे ऊस हे महाराष्ट्रातील प्रमुख नगदी पीक कसे आहे आणि ग्रामीण उद्योगात गुऱ्हाळाचे स्थान काय आहे हे होते. महाविद्यालयातील परीक्षकापुढे ही प्रस्तावना खपते, कारण त्याच्या हाती संपूर्ण अहवाल असतो. परिषदेचा परीक्षक मात्र केवळ सारांश वाचून ठरवितो की हा निबंध घ्यावा की नाही. त्याला पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न कोणता, काय बदल केला आणि किती मोजला हे हवे असते. अडीचशेपैकी साठ शब्द कृषिप्रधान देशावर खर्ची पडले होते, आणि पुढे पट्ट्यांची उंची, त्यांतील अंतर व प्रयोगांची संख्या यांना जागाच उरली नव्हती. मराठी सारांशाचे शेवटचे वाक्य होते, “प्राप्त निष्कर्षांची चर्चा प्रस्तुत अहवालात केली आहे.” याचे इंग्रजी तर शब्दशः बरोबर होऊनही निरुपयोगीच, निष्कर्षांची चर्चा केली आहे असे सांगण्यापेक्षा निष्कर्षच सांगावयाचा असतो. ही दोन्ही वाक्ये गाळण्यात भाषांतराशी प्रतारणा होत नाही. सारांश दुसऱ्या वाचकासाठी लिहावयाचा, तर त्याचा आराखडाही दुसरा होतो.

नावांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. गूळ म्हणजे ‘जॅगरी’. हा शब्द पोर्तुगिजांनी भारतातील भाषांतून उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला. त्याचे मूळ संस्कृत शर्करेपर्यंत जाऊन पोहोचते. पण परिषदेत कोलंबियाचा कोणी अभ्यासक बसला असेल, तर त्याच्याकडे हाच पदार्थ ‘पानेला’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या भट्ट्यांवर तिकडेही अशीच खटपट चालते. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘जॅगरी’ या शब्दाच्या जोडीला ‘नॉन-सेंट्रिफ्यूगल केन शुगर’ हे सर्वत्र चालणारे वर्णन द्यावे लागले. चिपाडाला ‘बगॅस’, चुलवाणाला ‘फर्नेस’ आणि काहिलीला ‘पॅन’ हे शब्द सरळ होते. पट्ट्यांना अहवालात ‘पंख’ म्हटले होते. मावशीने त्याचे भाषांतर पक्ष्याच्या पंखाचे केले, आणि चौघे पोटभर हसले. तो शब्द ‘फिन’ हवा. हे हसू मात्र फार वेळ टिकले नाही, कारण पुढील चुका मावशीच्या नव्हत्या.

अहवालात एक वाक्य असे होते : “धुराड्याच्या बुडाशी धुराची उष्णता ६२० अंशांवरून ४८० अंशांवर आली.” मावशीने उष्णतेला ‘हीट’ हा शब्द घातला. बोलण्याच्या मराठीत उष्णता म्हणजे तापलेपणा, आणि आज फार उष्णता आहे असे म्हणताना कोणी तापमान व उष्णता यांत भेद करीत नाही. यंत्रशास्त्रात मात्र ‘हीट’ म्हणजे एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाणारी ऊर्जा. ती ज्यूलमध्ये मोजतात, अंशांत नव्हे. अंश आले की शब्द ‘टेंपरेचर’च हवा. असा शब्द चुकला तर परीक्षक हसून सोडून देईल असे वाटते. परंतु तापमान व उष्णता यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याने मोजलेल्या कार्यक्षमतेवर विश्वास का ठेवावा, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. वास्तविक विद्यार्थ्यांना भेद पक्का ठाऊक होता. तो त्यांच्या मराठी वाक्यात उतरला नव्हता, एवढेच. अशा वेळी भाषांतरकाराने शब्दाकडे न पाहता त्याच्या पुढील एककाकडे पाहावे. अंश, ज्यूल किंवा वॉट यांपैकी काय लिहिले आहे यावरून बहुतेक वेळा खरा शब्द कोणता ते उघड होते.

यापुढचे वाक्य अधिक गहन निघाले. “नव्या काहिलीची औष्णिक कार्यक्षमता ३० टक्के मिळाली, म्हणजेच तीत ६ टक्क्यांनी वाढ झाली.”

‘मिळाली’ हे मराठी क्रियापद मोठे सोयीचे आहे. कोणी मिळविली, कशी मिळविली, याचा उच्चार न करता ते काम भागविते. इंग्रजीत मात्र ‘मेझर्ड’ म्हणजे मोजली, की ‘कॅल्क्युलेटेड’ म्हणजे हिशेबाने काढली, यांतील एक निवडावे लागते. कार्यक्षमता मोजण्याचे उपकरण कोठेही मिळत नाही. विद्यार्थ्यांनी मोजले ते रसाचे वजन, त्याचे तापमान, आटून गेलेले पाणी आणि जळलेले चिपाड. त्यांवरून हिशेब असा : ४०० किलो रस साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास आणि त्यातील सुमारे ३२० किलो पाण्याची वाफ करण्यास मिळून ८४० मेगाज्यूल उष्णता लागली. यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा वाफेचा आहे. रस नुसता तापविण्यास शंभरावर थोडे मेगाज्यूल पुरतात. दुसऱ्या बाजूला २०० किलो चिपाड, दर किलोस १७.५ मेगाज्यूल, म्हणजे ३,५०० मेगाज्यूल जाळले. ८४० ला ३,५०० ने भागले की २४ टक्के येतात. नंतरच्या प्रयोगांत १६० किलो जळाले, म्हणजे २,८०० मेगाज्यूल. तेव्हा ३० टक्के. ज्या वाक्यात ही भागाकाराची बेरीज-वजाबाकी लपली आहे, त्यात ‘मेझर्ड’ घातले तर ते खोटे होते.

आता ‘६ टक्क्यांनी’. चोवीसाचे तीस झाले, म्हणजे अंतर सहाचे. परंतु इंग्रजीत ‘इन्क्रीज्ड बाय सिक्स पर्सेंट’ असे लिहिले, तर वाचणारा चोवीसाचे सहा टक्के काढतो आणि त्याच्या मते कार्यक्षमता २४ वरून सुमारे साडेपंचवीस झाली असे ठरते. सहाचे अंतर सांगावयाचे तर ‘सिक्स पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणावे लागते. मूळच्या चोवीसाशी तुलना केली तर वाढ पंचवीस टक्के. आणि जळणातील बचत पाहिली तर ती वीस टक्के. एकाच सुधारणेचे सहा, वीस आणि पंचवीस असे तीन आकडे होतात आणि तिन्ही बरोबर असतात. मराठी अहवालात सारांशात सहा, निष्कर्षात वीस आणि प्रस्तावनेत पंचवीस आले होते. मराठी वाचताना चौघांपैकी कोणालाही ते खटकले नव्हते. इंग्रजीत तीन वाक्ये शेजारी शेजारी आली तेव्हा मावशीने त्यांच्यावर बोट ठेवले. “अगं, बचत नक्की किती झाली? तुम्ही तीन ठिकाणी तीन सांगता.” शेवटी सारांशात टक्क्यांची भाषाच बाजूस ठेवण्यात आली, आणि कार्यक्षमता चोवीसावरून तिसावर गेली व जळण दोनशे किलोंवरून एकशेसाठवर आले, असे दोन्ही टोकांचे आकडे देण्याचे ठरले. ज्याला टक्के काढावयाचे तो काढून घेईल.

येथपर्यंत भाषांतर हे भाषांतरच होते. ते प्रयोगवहीपर्यंत गेले ते एका अगदी साध्या विशेषणामुळे.

अहवालात सर्वत्र ‘वाळलेले चिपाड’ असा उल्लेख होता. मावशीने त्याचे ‘ड्राय बगॅस’ केले, आणि यात चूक काढण्यासारखे कोणालाच काही दिसले नाही. पण शाळेतील माणसाची सवय म्हणून तिने विचारले, “वाळलेले म्हणजे किती वाळलेले? इंग्रजीत पूर्ण वाळलेल्याला निराळा शब्द आहे का तुमच्याकडे?” भाची उत्तर देऊ लागली आणि मध्येच थांबली.

गुऱ्हाळात वाळलेले म्हणजे उन्हात पसरून, हातात घेतल्यावर कुडकुडीत लागणारे. त्यात हवेप्रमाणे आणि वाळवणाच्या दिवसांप्रमाणे पाणी उरतेच. घाण्यातून निघते तेव्हा तर चिपाडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. इंधनशास्त्रात मात्र ‘ड्राय’ याचा अर्थ ओलावा शून्य. नमुना १०५ अंशांच्या भट्टीत ठेवून त्याचे वजन स्थिर होईपर्यंत वाळविला, म्हणजे तो त्या अर्थाने कोरडा. सूर्यप्रकाशात वाळलेल्या जळणाला ‘एअर-ड्राइड’ म्हणतात, आणि ज्या स्थितीत ते प्रत्यक्ष भट्टीत पडले त्या स्थितीच्या हिशेबाला ‘अ‍ॅज-फायर्ड’ असा शब्द आहे. मराठीतील एका ‘वाळलेल्या’त हे तिन्ही अर्थ सामावतात, इंग्रजीत त्यांच्या तीन निरनिराळ्या खोल्या आहेत, आणि माणसाला कोणत्या तरी एकीत जाऊन बसावे लागते.

दर किलोस १७.५ मेगाज्यूल हा उष्मांक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत बॉम्ब कॅलरीमीटरवर काढला होता, आणि तो पूर्ण कोरड्या नमुन्याचा होता. वजन मात्र त्यांनी उन्हात वाळलेल्या चिपाडाचे केले होते. कोरड्याचा उष्मांक ओलसराच्या वजनाला गुणला गेला होता. म्हणजे चिपाडात जे पाणी होते, तेही जळून उष्णता देते असे त्या हिशेबाने धरले होते!

ही चूक दोन्ही वेळी सारखीच झाली असती, तर निदान तुलना तरी बरीचशी टिकली असती. अहवालाच्या परिशिष्टात ओलाव्याचे तक्ते होते. करावे लागतात म्हणून केलेले, आणि पुढे कोठेही न वापरलेले. जानेवारीतील चिपाडात ओलावा १४ टक्के, मार्चमधील चिपाडात ८ टक्के. मार्चचे ऊन कडक, हवा कोरडी. यात आश्चर्य नाही. तेव्हा जानेवारीच्या २०० किलोंतून २८ किलो पाणी वजा जाऊन १७२ किलो खरे इंधन उरते. मार्चच्या १६० किलोंतून सुमारे १३ किलो पाणी जाऊन १४७ किलो. वीस टक्क्यांची बचत साडेचौदा टक्क्यांच्या आत आली. कार्यक्षमताही पुन्हा काढावी लागली : पूर्वीची २४ नव्हे तर सुमारे २८, आणि नंतरची ३० नव्हे तर सुमारे साडेबत्तीस. दोन्ही आकडे चढले, पण त्यांतील अंतर सहावरून पाचाच्या खाली उतरले.

एवढ्यानेही हिशेब पुरता होत नाही. चिपाडातील पाणी भट्टीत पडल्यावर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ज्वाळेतूनच जाते. जानेवारीत हे पाणी प्रत्येक वेळी सुमारे पंधरा किलोंनी अधिक होते. तेव्हा उरलेल्या चौदा टक्क्यांतीलही एखादा टक्का पट्ट्यांचा नसून उन्हाचा आहे. शिवाय कॅलरीमीटरमध्ये मिळतो तो स्थूल उष्मांक, ज्यात ज्वलनातून निर्माण होणाऱ्या वाफेचे पुन्हा पाणी होताना सुटणारी उष्णताही मोजली जाते. धुराड्यातून ती वाफ निघूनच जाते. कोरड्या चिपाडाच्या बाबतीत हा फरक दर किलोस सव्वा मेगाज्यूलाच्या आसपास असतो. तो वजा करून निव्वळ उष्मांक घ्यावा की स्थूल, हे दोन्ही मार्ग शास्त्रात चालतात. परंतु कोणता घेतला हे सांगितल्याशिवाय एका प्रबंधातील कार्यक्षमता दुसऱ्यातील कार्यक्षमतेशी ताडून पाहता येत नाही. मराठी अहवालात केवळ ‘उष्मांक’ होता. इंग्रजीत त्याच्या आधी ‘ग्रॉस’ हा एक शब्द बसविला आणि ती शंका मिटली.

चौघांची त्या संध्याकाळी जी अवस्था झाली ती सहज कल्पिता येईल. सारांश पाठविण्यास तीन दिवस उरले होते. एकाचे म्हणणे पडले की ‘ड्राय’ तसेच ठेवावे. आकडे मोठे दिसतात, आणि परिशिष्ट परिषदेकडे जातच नाही. दुसऱ्याला वाटत होते की आता सगळेच मागे घ्यावे. भाची मावशीला म्हणाली, “तू फक्त व्याकरण पाहणार होतीस.” त्यावर मावशी म्हणाली, “व्याकरणच पाहिले ग. विशेषण कोणाचे ते विचारले.”

सुदैवाने त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी दोन्ही सल्ले बाजूस सारले. वजने खरी होती, ओलावा खरा मोजलेला होता, आणि पट्ट्यांचा काही ना काही गुण होताच. धुराचे तापमान १४० अंशांनी उतरले होते, ते उगाच नव्हे. गेला होता तो केवळ मोठेपणाचा एक तुकडा. सारांश नव्या आकड्यांनी लिहावयाचा आणि ओलावा दोन्ही वेळी निराळा होता हे त्यातच सांगावयाचे, असे ठरले.

राहिले निष्कर्ष. मराठी अहवालातील पहिला निष्कर्ष होता, “यावरून सिद्ध होते की काहिलीस पंख जोडल्याने गुऱ्हाळातील इंधनाची बचत होते.” या एका वाक्यात तीन प्रकारे हात पसरलेले आहेत. ‘सिद्ध होते’ म्हणावयाचे, तर एका चुलवाणावरील सहा प्रयोग अपुरे आहेत. ‘गुऱ्हाळातील’ म्हटले की महाराष्ट्रातील सर्व गुऱ्हाळे त्यात येतात, आणि त्यांतील कित्येकांची काहील व धुराडे निराळ्या मापांची असतात. आणि ‘होते’ हा वर्तमानकाळ तर एखाद्या नैसर्गिक नियमासारखा बोलतो. मराठीत असे लिहिण्याची रूढीच आहे; वाचणारा ते मनातल्या मनात सौम्य करून घेतो. इंग्रजी वैज्ञानिक लेखनाचा वाचक तसे करीत नाही, तो काळ आणि क्रियापद अक्षरशः घेतो. जे प्रयोगात घडले ते भूतकाळात, जे त्यावरून संभवते ते ‘सजेस्ट’ किंवा ‘इंडिकेट’ यांसारख्या मवाळ क्रियापदाने, आणि वर्तमानकाळ केवळ सर्वमान्य गोष्टींना, असा तेथील साधारण शिरस्ता आहे. उलट दोषही संभवतो, आणि भित्रे भाषांतरकार तो हमखास करतात : प्रत्येक वाक्यात कदाचित, बहुधा, संभवतः घालून तराजूने केलेले वजनसुद्धा संशयित करून ठेवतात. १६० किलो चिपाड जळाले, यात कदाचित काहीच नाही.

दुसरा निष्कर्ष गुळाच्या रंगाविषयीचा होता. नव्या काहिलीतील गूळ अधिक उजळ व उत्तम प्रतीचा झाला, असे त्यात म्हटले होते. हे कोणी मोजले, असे विचारता उत्तर आले की गुळव्याने सांगितले. गुळव्याचे मत अनादर करण्याजोगे नाही. बाजारात गुळाचा भाव त्याच्यासारख्यांच्या डोळ्यांवरच ठरतो. पण तो पट्ट्या पाहून बोलला होता, आणि जुना गूळ व नवा गूळ त्याच्यापुढे नाव न सांगता ठेवला गेला नव्हता. म्हणून ते वाक्य निष्कर्षांतून काढून चर्चेच्या भागात घेतले, आणि तेथे अनुभवी कारागिराच्या पाहणीनुसार, एवढे शब्द त्याला जोडले. सारांशात त्याला स्थान मिळाले नाही.

आणखी एक शब्द जाता जाता सांगावयास हवा. तिसऱ्या निष्कर्षात ‘पंखांची कार्यक्षमता’ असा प्रयोग होता आणि त्याचे ‘फिन एफिशियन्सी’ झाले होते. या इंग्रजी नावाला ठराविक अर्थ आहे : संपूर्ण पट्टी मुळाशी असलेल्या तापमानाचीच असती तर जितकी उष्णता तिच्यातून गेली असती, तिच्याशी प्रत्यक्ष गेलेल्या उष्णतेचे प्रमाण. विद्यार्थ्यांना म्हणावयाचे होते की पट्ट्यांचा उपयोग झाला. ही दुसरी गोष्ट आहे, आणि पट्टी नसताना जी उष्णता जाते तिच्याशी तुलना करणाऱ्या प्रमाणाला ‘फिन इफेक्टिव्हनेस’ हे निराळे नाव आहे. दोहोंपैकी काहीच त्यांनी काढले नव्हते. ते वाक्य गाळले गेले आणि त्याने काही उणे झाले नाही.

शेवटी जो सारांश गेला तो दोनशे शब्दांच्या आतबाहेर होता. त्यात पहिल्या वाक्यात चुलवाण व त्याचा दोष, दुसऱ्यात पट्ट्यांची मापे, तिसऱ्यात प्रयोगांची संख्या व रसाचे वजन आले. नंतर कोरड्या इंधनाच्या हिशेबाने चिपाड १७२ किलोंवरून १४७ किलोंवर आले आणि स्थूल उष्मांकावर काढलेली कार्यक्षमता २८ वरून साडेबत्तीस टक्क्यांपर्यंत गेली, हे. त्याच्या पाठोपाठ एक वाक्य असे की प्रयोगांच्या दोन मालिकांत इंधनाचा ओलावा अनुक्रमे १४ व ८ टक्के होता, आणि या फरकाचा काही परिणाम वरील आकड्यांत शिल्लक असावा. निष्कर्ष पाचांचे तीन उरले.

मावशीच्या पहिल्या भाषांतरातील एक वाक्य मात्र शब्दशः राहिले. ते मराठी अहवालाच्या अगदी शेवटी पुढील कामाच्या सूचनेत होते : दोन्ही काहिली एकाच आठवड्यात, एकाच गंजीतील चिपाडावर तपासून पाहाव्यात. हे वाक्य विद्यार्थ्यांनी रिवाज म्हणून लिहिले होते. गुऱ्हाळाच्या मालकाला त्यांनी त्याच आठवड्यात दूरध्वनी केला आणि जुनी काहील मोडीत घालू नये अशी विनंती केली. ऑक्टोबरात घाणा सुरू झाला की ती त्यांना चार दिवस हवी होती.